ऑडिट सुरू होण्यापूर्वीचं पत्र

सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा ठराव मंजूर होतो. दोन-तीन सल्लागारांची दरपत्रकं येतात, त्यातला एक ठरतो, नेमणूक-पत्रावर सह्या होतात. काम मार्गी लागलं असं सभासदांना वाटतं. मग काही दिवस काहीच हालचाल दिसत नाही आणि एका सकाळी हातोडी अन् टॉर्च घेतलेला एक तरुण अभियंता दार वाजवतो. तो कोण आहे, आपल्या न्हाणीघराचं छत का ठोकून बघतोय, हे घरातल्यांना ठाऊक नसतं. काही दारं उघडतच नाहीत. पुढे अहवाल येतो, तेव्हा 'आमच्या घरात कुणी आलंच नाही' अशी तक्रार सभेत होते आणि सगळ्या अहवालावरच शंका घेतली जाते.

नेमणूक-पत्र आणि पहिला हातोडा यांच्यामध्ये आणखी एक पत्र असायला हवं. सल्लागारानं नव्या ग्राहकाला, म्हणजे इथे सोसायटीला, लिहिलेलं दोन पानांचं पत्र. काम कोणत्या तारखेला सुरू होतंय, दोन्ही बाजूंनी कोण कशाला जबाबदार, एकमेकांशी कसं बोलायचं, हातात पहिल्यांदा काय पडणार आणि ते तपासायला कधी बसायचं, एवढंच त्यात असतं. इतर व्यवसायांतही असं पत्र पाठवतात. पण गृहनिर्माण सोसायटीत त्याची गरज जास्त, कारण इथे ग्राहक एक माणूस नसतो. पैसे सगळ्यांचे असतात, सही तिघांची असते आणि भेग मात्र ज्याच्या त्याच्या घरात असते.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. मुंबई, ठाणे, पुण्यात ऐंशी-नव्वदच्या दशकात बांधलेल्या असंख्य इमारती आता या दुसऱ्या गटात आल्या आहेत. म्हणून उदाहरणही तसंच घेऊ. समजा, ठाण्यातली १९९२ साली बांधलेली, तळमजला आणि वर सहा मजले अशी इमारत. दोन विंग, ४८ सदनिका, रस्त्याच्या बाजूला चार दुकानं. पावसाळ्यात वरच्या मजल्यांवर गळती झाली, पार्किंगमध्ये एका बीमचं प्लास्टर पडलं, आणि सोसायटीनं सप्टेंबरअखेर सल्लागार नेमला. १० ऑक्टोबरच्या शनिवारी व्यवस्थापक समिती आणि सल्लागार यांची पहिली बैठक झाली. तिथे जे ठरलं ते कागदावर आणणारं पत्र सोमवारी, १२ तारखेला, निघायला हवं. आठवडा उलटला की बैठकीत काय ठरलं हे प्रत्येकाला वेगवेगळं आठवू लागतं.

पत्रात सर्वांत आधी माणसं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची नावं नेमणूक-पत्रात असतातच, पण ती पुरेशी नाहीत. मला त्यात चार प्रकारची माणसं वेगवेगळी दिसायला हवी असतात. एक, निर्णय कळवणारी व्यक्ती. समितीत चर्चा कितीही जणांनी करावी, सल्लागाराला निर्णय एकाच माणसाकडून आला पाहिजे, आणि तो बहुधा सचिव असतो. दोन, निर्णय घेण्याचा अधिकार कुणाला किती आहे. दुरुस्तीवर समिती स्वतःच्या अधिकारात किती खर्च करू शकते याला उपविधींत मर्यादा आहे आणि ती सभासद-संख्येवर ठरते. ४८ सदनिकांच्या इमारतीची मोठी दुरुस्ती त्या मर्यादेत बसत नाही, ती सर्वसाधारण सभेपुढेच जाते. ही गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नाही, तर सल्लागार समितीच्या होकारावर विसंबून पुढची कागदपत्रं तयार करतो आणि सभेत सगळं अडतं.

तिसरा प्रकार रोजच्या कामात लागणाऱ्या माणसांचा. टेरेसच्या दाराची किल्ली, पंपाची खोली, पाण्याची टाकी, डक्टमध्ये उतरायची जागा हे सगळं सचिवांना ठाऊक असेलच असं नाही, वॉचमनला असतं. प्रत्येक विंगसाठी एक सभासद समन्वयक म्हणून नेमला, तर फ्लॅट उघडे मिळणं पुष्कळ सोपं होतं. शक्यतो दिवसा घरी असणारं, सगळ्यांशी बोलणं असलेलं माणूस घ्यावं. अनेक सोसायट्यांत हे काम निवृत्त काका किंवा काकू उत्तम करतात.

आणि चौथा प्रकार, जो हमखास राहून जातो: ज्यांना विचारायचं नसतं पण कळवायचं असतं असे लोक. भाडेकरू, तळमजल्यावरचे दुकानदार, परगावी राहणारे मालक. दुकानांत बहुतेक वेळा फॉल्स सीलिंग असतं आणि इमारतीच्या बीम नेमक्या त्याच्या वर असतात. पट्ट्या उघडल्याशिवाय त्या बीम दिसत नाहीत, आणि भाड्यानं बसलेला दुकानदार मालकाला विचारल्याशिवाय पट्टी काढू देत नाही. मालक नागपूरला किंवा दुबईला असेल, तर त्या परवानगीला आठवडा जातो. म्हणून बंद फ्लॅट आणि दुकानं यांची यादी पत्रासोबत जोडावी आणि त्यांच्या मालकांशी कोण बोलणार तेही तिथेच लिहावं.

यानंतर संपर्क. हल्ली सोसायटीत काही सुरू झालं की आधी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. तो असावा, पण कशासाठी ते पत्रात ठरलं पाहिजे. 'उद्या सकाळी दहा ते एक, बी विंग, पाचवा आणि सहावा मजला' असे निरोप देण्यासाठी ग्रुपसारखी सोय नाही. निर्णय मात्र तिथे घेऊ नयेत. 'कोअर घ्यायला हरकत नाही' असं एक सभासद रात्री लिहितो, दुसरा अंगठा दाखवतो, आणि सकाळी ड्रिल घेऊन आलेल्या माणसाला तिसरा अडवतो. निर्णय, खर्च आणि तारखेतला बदल या तीन गोष्टी फक्त सोसायटीच्या अधिकृत ईमेलवरून सचिवांनी कळवाव्यात. सल्लागाराचे कागदही त्याच पत्त्यावर जावेत, कुणा एका सभासदाच्या खासगी पत्त्यावर नकोत. समित्या बदलतात, आणि सचिवांच्या खासगी मेलमध्ये राहिलेला अहवाल नव्या समितीला मिळत नाही.

सल्लागाराच्या बाजूनंही दोन नावं हवीत: रोज इमारतीत येणारा अभियंता आणि निर्णयासाठी मुख्य सल्लागार. अभियंता तरुण असतो, लोक त्याला जिन्यात गाठतात, 'आमची इमारत पडेल का हो?' असं विचारतात. त्यानं तिथे मत देऊ नये, हे आम्ही त्याला बजावतो आणि पत्रातही लिहितो. अर्ध्या पाहणीवर तोंडी दिलेलं मत संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत फिरतं आणि कधी कधी फ्लॅटचा चालू असलेला व्यवहार मोडतं.

एक अपवाद मात्र ठळक लिहायला हवा. पाहणीत ताबडतोब धोका दिसला, उदाहरणार्थ कॉलम फुगून काँक्रीट सुटलंय, सळया वाकल्यात किंवा बाल्कनीचा स्लॅब खाली झुकलाय, तर सल्लागार अहवालाची वाट बघणार नाही. त्याच दिवशी अध्यक्ष आणि सचिव यांना फोन आणि लगेच ईमेल. लोखंडी टेकू कुठे लावायचे, कोणती जागा रिकामी करायची हे त्यातच. त्यासाठी दोन फोन नंबर आणि ते न लागल्यास तिसरा, हे पत्रात असलंच पाहिजे. सगळ्या पत्रातलं हे एक वाक्य कुणाचा तरी जीव वाचवू शकतं, म्हणून मी ते चौकटीत टाकतो.

आता हातात काय पडणार ते बघू. 'ऑडिट अहवाल डिसेंबरमध्ये देऊ' एवढं लिहिणं अपुरं आहे. अहवाल ही शेवटची वस्तू. तिच्या आधी एखादी लहान, लवकर मिळणारी आणि सामान्य सभासदाला स्वतः तपासता येईल अशी वस्तू द्यायला हवी. आमच्या कामात ती म्हणजे फ्लॅटवार नोंदवही. प्रत्येक सदनिकेचं एक पान, त्यावर खोल्यांचा साधा आराखडा, दोषांच्या जागा आणि फोटो. एका पानावर अशी नोंद असते: 'बी-३०२. मागची शयनखोली, खिडकीखाली ओल, रुंदी सव्वा मीटर, उंची अर्धा मीटर. न्हाणीघराच्या छतात सळईच्या रेषेत सरळ भेग, ठोकल्यावर पोकळ आवाज. स्वयंपाकघराच्या सिंकखाली पाहता आलं नाही, बंद कपाट.' शेवटचं वाक्य फार मोलाचं. काय पाहिलं याइतकंच काय पाहता आलं नाही हेही लिहिलेलं असलं, की पुढे वाद होत नाही. बी-३०२ मधल्या काकूंना इंजिनिअरिंग कळण्याची गरज नाही. आपल्या घरातली ओल पानावर आली की नाही, हे त्या क्षणात सांगू शकतात. त्यांची सही घेतली की ती नोंद पक्की झाली.

दुसरी वस्तू चाचण्यांची. कुठल्या चाचण्या, किती जागी आणि कुठे, हे नोंदवही झाल्यावरच नीट ठरतं. त्यामुळे सुरुवातीच्या पत्रात चाचण्यांची नावं आणि नेमणूक-पत्रात ठरलेली संख्या असावी, जागा नंतर कळवू असं स्पष्ट लिहावं. यातल्या एका चाचणीबद्दल सभासदांना आधी सांगून ठेवणं बरं, कारण ती घरातल्या काँक्रीटवर केली जाते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. काँक्रीट निरोगी असेल तिथे गडद गुलाबी रंग येतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ज्या थराचा क्षारपणा घालवलाय तिथे रंगच येत नाही. तो बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचला असेल, तर गंजापासूनचं सळईचं संरक्षण संपलं असं समजतात. हे बघणाऱ्या घरमालकाला आपल्या बीमची स्थिती डोळ्यांनी कळते. मात्र भिंतीला लहान खड्डा पडणार, तो त्याच दिवशी भरून देऊ पण रंग लावून देणार नाही, हे पत्रात नसेल तर त्या खड्ड्यावरून भांडण ठरलेलं.

तिसरी वस्तू अहवालाचा मसुदा. त्यात काय असेल हेही लिहावं: दोष असलेल्या प्रत्येक कॉलम-बीमची जागा दाखवणारे नकाशे, चाचण्यांची वाचनं, इमारतीची वर्गवारी, दुरुस्तीची पद्धत आणि अंदाजे खर्च. वर्गवारी सी-१ ते सी-३ अशी असते. सी-१ म्हणजे धोकादायक, तातडीनं रिकामी करण्याची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मधल्या सी-२ चे दोन भाग आहेत, रिकामी करून दुरुस्ती आणि न करता दुरुस्ती. मसुद्यावर सोसायटीनं शंका विचाराव्यात, चुकलेला फ्लॅट नंबर दाखवावा, राहिलेली गळती सांगावी. पण वर्गवारी बदलून मागू नये, आणि सल्लागारानंही ती मागणीवरून बदलू नये. ही मर्यादा पहिल्याच पत्रात लिहिलेली बरी. पुनर्विकास हवा असलेला आणि नको असलेला, असे दोन गट प्रत्येक जुन्या इमारतीत असतात आणि दोघांनाही अहवालात आपलं उत्तर हवं असतं.

तारखा मात्र कॅलेंडर समोर ठेवूनच घालाव्या लागतात. आपल्या उदाहरणात दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे असं धरू. मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, जुन्या दुरुस्तीची बिलं ही कागदपत्रं सोसायटीनं १९ ऑक्टोबरपर्यंत द्यायची. फ्लॅटची पाहणी दसऱ्यानंतर, २२ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, म्हणजे दोन शनिवार-रविवार त्यात येतात आणि नोकरदार घरी सापडतात. दिवाळीच्या आठवड्यात कुणाच्या घरात हातोडा मारू नये. चाचण्या १६ नोव्हेंबरपासून. मसुदा ७ डिसेंबरला, आढावा १३ डिसेंबरच्या रविवारी. अंतिम अहवाल २८ डिसेंबर, दुरुस्तीचं अंदाजपत्रक आणि निविदेचे कागद ११ जानेवारी.

पुढची तारीख उलट्या बाजूनं मोजावी लागते. बाहेरून परांची बांधून करायचं काम जूनच्या आत उरकायचं, म्हणजे ठेकेदार फेब्रुवारीत ठरायला हवा, म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा जानेवारीअखेर. समजा ती ३१ जानेवारीला ठेवली. विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते, त्यात नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. म्हणजे नोटीस उशिरात उशिरा २५ जानेवारीला गेली पाहिजे आणि त्याच्या आधी निविदेचे कागद सभासदांना बघायला मिळाले पाहिजेत. ११ तारखेला ते दिले तर मध्ये दोन आठवडे राहतात. मसुद्याचा आढावा एका आठवड्यानं पुढे गेला की हे दोन आठवडे एकावर येतात. आणखी घसरला, तर सभा फेब्रुवारीत आणि काम पावसात.

म्हणून प्रत्येक तारखेसमोर ती कुणाच्या हातात आहे हे लिहावं. मूळ स्ट्रक्चरल नकाशे मिळाले नाहीत, तर कॉलममधल्या सळया यंत्रानं शोधून मांडाव्या लागतात आणि वेळ वाढतो. जुन्या इमारतींत हे नकाशे नसणं नेहमीचंच. ते नसतील तर अमुक दिवस वाढतील, हे आधी सांगितलेलं बरं.

या सगळ्याचं प्रत्यक्ष पत्र साधं असावं. त्याचा गाभा असा:

'मा. सचिव, स. न.

आपल्या दि. १० ऑक्टोबरच्या बैठकीनुसार इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं काम २२ ऑक्टोबरपासून सुरू करत आहोत. कामाची व्याप्ती आणि शुल्क नेमणूक-पत्राप्रमाणेच राहील. या पत्रानं त्यात बदल होत नाही.

सोसायटीतर्फे निर्णय आपण अधिकृत ईमेलवरून कळवाल. दोन्ही विंगच्या समन्वयकांची नावं १५ ऑक्टोबरपर्यंत कळवावीत. आमच्यातर्फे दररोजच्या कामासाठी अभियंता उपस्थित राहील. त्याचं ओळखपत्र पाहूनच सभासदांनी घरात प्रवेश द्यावा.

पहिली नोंदवही ५ नोव्हेंबरला देऊ. आपापलं पान तपासून सभासदांनी १५ नोव्हेंबरपर्यंत दुरुस्त्या कळवाव्यात. मसुद्याच्या आढाव्यासाठी १३ डिसेंबरला सकाळी दहा वाजता संपूर्ण समिती उपस्थित असावी. समितीचे लेखी अभिप्राय २० डिसेंबरपर्यंत मिळाल्यास अंतिम अहवाल २८ डिसेंबरला देता येईल.

या पत्रातील माणसं आणि तारखा मान्य असल्याचं लेखी कळवावं. त्यानंतर पाहणीचं वेळापत्रक सूचनाफलकावर लावू.'

नेमणूक-पत्राबद्दलचं वाक्य मुद्दाम घातलंय. काही सल्लागार सुरुवातीच्या पत्रात हळूच नवी अट घालतात, चाचण्यांचा खर्च वेगळा किंवा तिसऱ्या भेटीनंतर जादा शुल्क. हे गैर आहे. पैशाचं जे काही असेल ते नेमणूक-पत्रात, आणि बदलायचं असेल तर समितीच्या नव्या ठरावानं.

आणखी एक प्रथा मला पटत नाही. 'सात दिवसांत हरकत न आल्यास अहवाल मान्य समजला जाईल' असं वाक्य कंपन्यांच्या व्यवहारातून इकडे आलंय. बैठकीच्या इतिवृत्तासाठी ते ठीक आहे. तीन दिवसांत दुरुस्ती आली नाही तर इतिवृत्त पक्कं, यात कुणाचं नुकसान नाही. पण समिती ही नोकरी-धंदा सांभाळून फुकट काम करणाऱ्या लोकांची असते, तिच्या गप्प बसण्याला संमती मानून लाखोंच्या दुरुस्तीचा पाया रचू नये. उत्तर येईपर्यंत सल्लागारानं आठवण करावी आणि तारीख पुढे जातेय हे लेखी कळवावं.

काम बिघडतंय हे पहिल्या पंधरवड्यातच कळतं. सचिवांव्यतिरिक्त आणखी दोघे अभियंत्याला सूचना देऊ लागतात. बैठकीचं इतिवृत्त येत नाही. पाहणीच्या पहिल्या दिवशी आठपैकी तीनच फ्लॅट उघडे मिळतात. शंका फोनवर विचारल्या जातात, कागदावर येत नाहीत. यातलं काही दिसलं, तर पुढचा मजला सुरू करण्याआधी समितीसोबत अर्धा तास बसून पत्र पुन्हा वाचावं आणि गरज असेल तर नावं-तारखा बदलून सुधारित पत्र काढावं. पाहणी चालू ठेवून हे आपोआप सुधारेल अशी आशा धरली, तर अर्धवट नोंदवही तयार होते. मग बंद राहिलेल्या घरांसाठी पुन्हा माणसं पाठवावी लागतात आणि तोवर दिवाळी आलेली असते.

तुमच्या सोसायटीत ऑडिट ठरलं असेल, तर सचिवांना दोन गोष्टी विचारा: सल्लागाराकडून असं पत्र आलंय का, आणि समितीनं त्याला लेखी उत्तर दिलंय का. आलं नसेल तर मागून घ्या आणि पाहणी सुरू होण्याआधी ते सूचनाफलकावर लावायला सांगा.